व्ह्यूज दुपारचे, गिऱ्हाईक संध्याकाळचं

प्रश्न: आमचं छोटं दुकान आहे, इन्स्टावर रील्स टाकतो, व्ह्यूज येतात पण दुकानात त्यातलं कुणी येत नाही. सगळे म्हणतात संध्याकाळी टाका म्हणजे जवळच्या लोकांपर्यंत जाते. हे खरं आहे का, आणि इनसाइट्समध्ये ते नक्की कुठे बघायचं?

उत्तर:

अर्धं खरं आहे. मी बरीच वर्षं छोट्या दुकानांची पेजेस सांभाळतोय आणि हा प्रश्न आला की एक गोष्ट सांगतो, कारण नुसतं "संध्याकाळी सात वाजता टाका" असं सांगितलं की लोक तेवढंच करतात आणि मग महिन्याभराने म्हणतात काही फरक नाही पडला. गोष्ट रचलेली आहे, त्यातले आकडेही समजून घ्यायला घेतलेले आहेत, पण त्यात जे जे घडतं ते कुठल्या ना कुठल्या दुकानात मी बघितलेलंच आहे.

तर एक स्टेशनरीचं दुकान. वह्या, पेनं, चार्ट पेपर, नकाशे, शाळेच्या प्रोजेक्टचं सामान. दुकान वडिलांचं, मुलगी कॉलेजात, आणि दुकानाचं इन्स्टा तिच्याकडे. रील्स टाकायची ती दुपारी दोनच्या सुमारास, कारण तेव्हा दुकानात शुकशुकाट असतो आणि काउंटरवर नीट शूटिंग करता येतं, बाकी त्या वेळेमागे काही विचार नव्हता. एकदा तिने वेगवेगळ्या पेनांनी एकच ओळ लिहून दाखवली, ती रील चालली. ४,२०० व्ह्यूज. वडिलांना फोन दाखवायला गेली तर ते हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "बरं झालं. मग आलं का कुणी?"

आलं नव्हतं कुणीच. कमेंटमध्ये लोक विचारत होते कुरिअर करता का.

काही दिवसांनी नकाशे आणि चार्ट पेपरचा नवीन माल आला, तो उतरवून लावेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले, आणि तिने गठ्ठ्यासमोर उभं राहून वीस सेकंदांची साधी रील टाकली की उद्याच्या प्रोजेक्टला लागणारं सगळं आलंय. ना म्युझिक, ना काही. सकाळी बघितलं तर ३१० व्ह्यूज. "गेली ही" म्हणून तिने सोडून दिलं. पण दुकान उघडल्या उघडल्या एक काकू आल्या, "काल तू दाखवलास ना तो नकाशा दे गं," आणि दहाच्या आत अजून चारजण त्याच नकाशासाठी. वडील तिच्याकडे बघायला लागले.

तेव्हा कुठे तिने इनसाइट्स उघडल्या. इथे थोडं थांबून सांगतो, कारण बहुतेक जण ह्याच ठिकाणी चुकीचा आकडा बघतात. अकाउंट प्रोफेशनल असेल, म्हणजे बिझनेस किंवा क्रिएटर, तरच इनसाइट्स दिसतात. बदल फुकट आहे, सेटिंग्जमधून होतो. रीलखाली `View insights` दाबलं की सगळ्यात वर मोठा व्ह्यूजचा आकडा येतो आणि माणूस तिथेच अडकतो. एकाच माणसाने तीनदा बघितलं तर व्ह्यूज तीन. दुकानदाराच्या कामाचं खाली असतं: किती वेगवेगळ्या अकाउंट्सपर्यंत पोचली, त्यात फॉलोअर्स किती आणि बाहेरचे किती, शेअर किती झाली, आणि बघून प्रोफाइलवर किती आले. पत्त्यावर किंवा कॉलच्या बटणावर किती जणांनी बोट लावलं ते पूर्ण अकाउंटच्या इनसाइट्समध्ये मिळतं, अर्थात प्रोफाइलला पत्ता आणि नंबर घातला असेल तर. बऱ्याच दुकानांनी तोच घातलेला नसतो!

तिने दोन्ही रील्स शेजारी शेजारी ठेवल्या. पेनांची: ४,२०० व्ह्यूज, त्यात ९३ टक्के फॉलोअर नसलेले, शेअर २०, प्रोफाइलवर आले ६. नकाशाची: ३१० व्ह्यूज, त्यात ५८ टक्के फॉलोअर्स, शेअर १४, प्रोफाइलवर आले ३१. म्हणजे व्ह्यूज तेरा पट कमी आणि पाच पट जास्त लोक आत डोकावले. पोरीला एकदम साक्षात्कार झाला, बाबांना म्हणाली आता सगळं संध्याकाळीच टाकायचं.

आणि इथेच मी म्हणतो थांब. कारण दोन रील्समध्ये फक्त वेळ बदलली नव्हती ना. विषय बदलला होता, आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचं होतं हेही होतंच. ह्या तिन्हीतलं कशामुळे झालं ते दोन रील्सवरून कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या बाबांनी हेच दुकानदारी भाषेत विचारलं, "पेनाची रील रात्री टाकली असतीस तर पेनं खपली असती का?" तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तिने करून बघायचं ठरवलं.

तिने जे केलं ते कुठलंही दुकान करू शकतं. दोन प्रकारच्या रील्स ठरवल्या, एक पेनांसारखी, बघायला छान पण कुणाला आज लागणार नाही अशी, आणि एक उद्या लागेल अशा सामानाची. प्रत्येक प्रकार आठवड्यातून एकदा दुपारी दोनला आणि एकदा संध्याकाळी सातला. वार दर आठवड्याला फिरवले, नाहीतर नेमका सोमवार दुपारकडे आणि शुक्रवार संध्याकाळकडे जातो आणि आपण वाराचा फरक वेळेच्या नावावर खपवतो. तीन आठवडे, बारा रील्स. आणि प्रत्येक रीलचे आकडे टाकल्यापासून बरोबर ४८ तासांनी वहीत उतरवले. हा ४८ तासांचा नियम फार महत्त्वाचा आहे, रील दिवसेंदिवस चालत राहते, त्यामुळे आठवडाभर जुनी आणि कालची अशी तुलना केली तर जुनी नेहमीच भारी दिसणार. उलट काही लोक तीन तासांत "पडली" म्हणून डिलीट करून परत टाकतात, त्याने तर हिशेबाचा पारच बट्ट्याबोळ होतो.

दुसरी वही काउंटरवर, बाबांकडे. कुणी "रील बघितली", "इन्स्टावर होतं ते" असं म्हणालं किंवा फोनच पुढे धरला की एक रेघ. विचारायचं नाही, आपणहून बोलले तरच. बाबांचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकाला "कुठून कळलं" विचारलं की ते काहीतरी गोड बोलून मोकळं होतं, आणि ते मला पटतं. खरे आलेले ह्या रेघांपेक्षा जास्तच असणार, पण दुपार आणि संध्याकाळ दोन्हीकडे तोच नियम लावला तर तुलना चालते.

ही काउंटरची वही का लागते ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. इनसाइट्समध्ये तुमची गल्ली कुठेच दिसत नाही. एकेका रीलखाली बघणाऱ्यांचा देश, वय, स्त्री-पुरुष असं दिसतं. शहर बघायचं तर पूर्ण अकाउंटच्या इनसाइट्समध्ये जायला लागतं, तिथे तारखांची मुदत निवडून लोकेशन बघता येतं, पण तेही शहरापर्यंतच. शहराच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू त्यात एकाच टक्क्यात असतात. त्यामुळे "जवळच्या लोकांपर्यंत पोचली" हे एकट्या फोनवरून सिद्ध होत नाही, फोनवरून अंदाज येतो आणि पक्कं होतं काउंटरवर.

तीन आठवड्यांनी बापलेक दुकान बंद करून वह्या घेऊन बसले. सरासरी साधारण अशी आली. पेनांच्या रील्स दुपारी २,६०० व्ह्यूज, प्रोफाइलवर ७, काउंटरवर कुणीच नाही. पेनांच्या संध्याकाळी २,३०० व्ह्यूज, प्रोफाइलवर ९, काउंटरवर एखादा. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. उद्याच्या सामानाच्या रील्स दुपारी २८० व्ह्यूज, शेअर ४, प्रोफाइलवर ११, काउंटरवर २. आणि त्याच प्रकारच्या संध्याकाळी ३९० व्ह्यूज, शेअर १७, प्रोफाइलवर ३४, काउंटरवर ८.

"म्हणजे पेनांना रात्र-दिवस सारखाच," बाबा म्हणाले.

"हो, आणि प्रोजेक्टवाल्यांना नाही."

तीन-तीन रील्सची सरासरी म्हणजे फार मोठा पुरावा नाही हे धरूनच चालायचं. पण तिने एक शहाणपणा केला, नुसती सरासरी न बघता सुट्या रील्स बघितल्या. सामानाच्या तीन संध्याकाळच्या रील्सपैकी दोन दणकून चालल्या आणि एक पडली, आणि पडलेली नेमकी शनिवारची होती. दुसऱ्या दिवशी शाळाच नाही तर उद्याचं सामान कोण घेणार? हा अपवाद मला सरासरीपेक्षा जास्त बोलका वाटतो. संध्याकाळ तीच होती, लोक फोनवर असणारच होते, बहुधा जास्तच, तरी कुणी आलं नाही, म्हणजे नुसतं "संध्याकाळी लोक ऑनलाइन असतात" एवढ्यावर ही गोष्ट सुटत नाही.

मग संध्याकाळ नक्की काय करते? इन्स्टाग्राम काही संध्याकाळी आजूबाजूच्या लोकांना वेगळं वाढत नाही. रील कुणाला दाखवायची हे माणूस काय बघतो, कशावर थांबतो, काय पुढे पाठवतो ह्यावर ठरतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी ह्यांनी जानेवारी २०२५ मध्ये उघडच सांगितलं होतं की किती वेळ बघितली, किती लाइक मिळाले आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली ह्या तीन गोष्टी सगळ्यात मोठ्या, आणि जे आपल्याला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत जायला पाठवणं जास्त कामाचं. आता ह्या दुकानात बघा. दुपारी दोनला नकाशाची रील फॉलोअर आईला दिसली तर ती ऑफिसात असते, अंगठा वर सरकतो. संध्याकाळी सातला पोरगं दप्तर उघडून सांगतं की उद्या नकाशा न्यायचाय, आणि त्याच वेळेला तीच रील समोर येते. ती पूर्ण बघते, दुकान उघडं आहे का म्हणून प्रोफाइलवर जाते, आणि वर्गातल्या दुसऱ्या आईला पाठवते, जी शक्यतो त्याच भागात राहते. म्हणजे जवळच्या लोकांपर्यंत रील नेली ती त्या पाठवण्याने, आणि पाठवायची गरज संध्याकाळी निघाली. पेनांच्या रीलला असं काही घड्याळच नाही, ती आज बघितली काय आणि चार दिवसांनी बघितली काय.

म्हणून दुकानदार वेळ विचारतात तेव्हा मी उलट विचारतो की तुमच्या मालाची आठवण घरात कधी निघते. ते कळलं की वेळ आपोआप सापडते, आणि काही दुकानांची ती सकाळी लवकर निघते, काहींची सुट्टीच्या आदल्या दिवशी. ज्या मालाला अशी वेळच नाही त्याने सातचा हट्ट धरू नये, शूटिंग चांगलं होईल तेव्हा टाकावं.

अजून एक खाचखळगा, ज्यात ती पोरगी जवळजवळ फसली. बारा रील्स झाल्यावर तिने ठरवलं की आता फक्त सामानाच्या रील्स, रविवार ते गुरुवार, संध्याकाळी, आणि आठवड्याने अकाउंटच्या इनसाइट्समध्ये शहर बघितलं. आपल्या शहराचे फक्त ३० टक्के. तिचा चेहराच पडला. पण खाली कुठल्या रील्समुळे हे व्ह्यूज आलेत ते बघितलं तर वरच्या नंबरावर जुनी पेनांचीच रील, ती अजून चालत होती आणि बाहेरगावचे व्ह्यूज ओढत होती. अकाउंटचा आकडा म्हणजे त्या मुदतीत जे जे बघितलं गेलं ते सगळं, तुम्ही त्या आठवड्यात टाकलेलंच असं नाही. तिने अजून दोन आठवडे जाऊ दिले, पेनांची रील थंड झाली, आणि मग आपल्या शहराचे ६१ टक्के दिसले. पेजचे एकूण व्ह्यूज मात्र तोपर्यंत निम्म्याहून खाली आले होते. नुसता वरचा आलेख बघणारा घाबरून परत पेनांकडे पळाला असता.

फॉलोअर म्हणजे शेजारी हेही धरू नका. तिचे ६४० फॉलोअर्स होते, त्यात कॉलेजची मित्रमंडळी, नातेवाईक, आणि "तू मला कर मी तुला करते" वाली दुसरी पेजेस. फॉलोअर्सच्या माहितीत शहर बघितलं तर निम्म्याहून थोडे जास्त आपल्या शहरातले. तिथेच `Most active times` असतं, फॉलोअर्स कुठल्या वारी कुठल्या वेळेला जास्त असतात ते, तीन-तीन तासांच्या टप्प्यांत. तिचा सगळ्यात उंच खांब रात्री नऊचा होता. मग नऊला का नाही टाकली? तर दुकान साडेनऊला बंद होतं. नऊला बघणारा म्हणतो सकाळी बघू, आणि सकाळच्या घाईत शाळेजवळच्या दुसऱ्या दुकानातून घेतो. पावणेसातला टाकली की आठ-साडेआठपर्यंत माणूस चप्पल घालून खाली येतो. उंच खांब म्हणजे लोक फोनवर कधी असतात, आणि ते दुकानात कधी येऊ शकतात ही वेगळीच वेळ आहे, रील ह्या दुसऱ्या वेळेच्या तास-दीड तास आधी जायला हवी. हे तिला बाबांनीच सांगितलं, अॅपमध्ये ते कुठेच लिहिलेलं नाही.

अडचण एवढीच की पावणेसात म्हणजे दुकानात गर्दीची वेळ, तेव्हा फोन हातात घ्यायला कुणाला सवड. त्यावर सोपं आहे, रेकॉर्डिंग दुपारीच करायचं, जुन्या सवयीप्रमाणे, आणि पोस्ट करतानाच शेड्यूल लावायचं. प्रोफेशनल अकाउंटला अॅपमधूनच ७५ दिवस पुढपर्यंत शेड्यूल करता येतं. फक्त शेड्यूल केलेल्या रीलमधला माल संध्याकाळपर्यंत शिल्लक आहे ना ते बघा, एकदा तिच्या बाबांनी शेवटचे सहा नकाशे साडेपाचलाच विकून टाकले होते आणि सातनंतर जो यायचा त्याला नाही म्हणत बसावं लागलं. त्यानंतर बाबा रीलमधल्या मालाचा एक गठ्ठा वेगळा काढून ठेवायला लागले, आणि पावणेसात वाजले की स्वतःच विचारायचे, "गेली का गं तुझी?"

आता तुमच्या पेजचं. आधी काहीच नवीन टाकू नका, गेल्या महिन्या-दोन महिन्यांच्या रील्स उघडा आणि प्रत्येकीचं व्ह्यूज सोडून शेअर आणि प्रोफाइलवर आलेले एवढेच दोन आकडे लिहा. ज्या दोन-तीन रील्समध्ये व्ह्यूज कमी आणि हे दोन जास्त आहेत त्या कुठल्या, कधी टाकलेल्या आणि त्यात काय होतं ते बघा. बहुतेक वेळा तुमची "चालली नाही" म्हणून सोडलेली रील त्यात निघते. मग तसल्याच रील्स दोन वेळांना आलटून पालटून टाका, बाकी वर सांगितलं तसं. अकाउंट आत्ताच प्रोफेशनल केलं असेल तर आधीच्या रील्सचे आकडे नीट मिळणार नाहीत, तिथून पुढचेच धरा. आणि फॉलोअर्स शंभरच्या आत असतील तर शहर-बिहर ही माहिती सहसा दिसतच नाही, तोपर्यंत काउंटरवरची वही चालू ठेवा, तेवढीही पुरते.